काळ्या अक्षरात न आलेलं दुखणं

माझ्या हातची लांब रोटी इतकी पातळ असायची, की मी ती मडक्यावर टाकायच्या आधी सासूबाई तिच्याआडून टीव्हीवरची मालिका पाहत आणि कोणाच्या डोळ्यात पाणी आलं तेही त्यांना दिसत असे. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक जवळपास वाहती ठेवायची, ती परातीत आपटून आपटून तिला जीव आणायचा, मग गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर अलगद अंथरायचा. सगळी करामत बोटांची आणि मनगटांची. एकदा वारं सुटलं आणि माझ्या हातावरची रोटी उडाली, ती शेजारच्या सिंदी मेघे गावात एका बाईच्या वाळत घातलेल्या ओढणीशेजारी सापडली. बाईनं घडी घालून आत नेली म्हणतात. खरं-खोटं त्या बाईलाच विचारा.

सांगायचं हे, की बोरगाव मेघेत कोणाकडे बारसं, जावळ, साक्षगंध काही असलं की बोलावणं मला यायचं. नवऱ्याचं दुकान मोटारपंप आणि पाइपांचं. पण गावात त्याला ओळखत ते ‘लांब रोटीवालीचा नवरा’ म्हणून. त्याला ते फारसं आवडत नसे.

मग एका दिवाळीनंतर माझी बोटं मला सकाळी ओळखेनाशी झाली. झोपेतून उठावं तर दोन्ही हात जणू सिमेंटमध्ये घालून रात्रभर वाळवलेले. मूठ मिटत नाही, नळ फिरत नाही, साडीला पिन लागत नाही. दोन्ही हातांची मधली पेरं आणि बोटं जिथं तळव्याला मिळतात ते सांधे सुजलेले, मनगटंसुद्धा. गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, हात बुडवून बसायचं. दीड-दोन तास गेले की बोटं जरा मऊ पडायची आणि दहाच्या सुमारास मी पुन्हा माणसासारखी दिसायला लागायची.

सासूबाईंना हे दहा वाजताचं फार आवडलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत त्यांनी जाहीर केलं, “आमच्या सूनबाईचे हात फक्त सकाळीच दुखतेत व बाई. भांडे घासून झाले की बरे. शायेत जाच्या वक्ती पोराचं पोट दुखते नं, तसं.”

बायका इतक्या हसल्या की एकीचं हळदीचं बोट दुसरीच्या नाकाला लागलं. मीही हसले. काय करणार, तिळगूळ वाटत होते.

शेवटी नवऱ्यानं प्रयोगशाळेत नेलं. तिथं सांधेदुखीच्या तपासण्यांचं एकत्र पॅकेज होतं, आणि घरच्या तिघांनी केलं तर सवलत. माझा नवरा सवलतीत फाशीसुद्धा तिघांची घेईल. मग काय, माझं दुखणं आणि तिघांचं रक्त.

संध्याकाळी रिपोर्ट आले. आमच्या घरात रिपोर्ट वाचायची एक रीत आहे, ती दुकानातून आली. मालाच्या यादीत जे संपलं ते नवरा जाड पेनानं गिरवतो, बाकी यादीकडे पाहतच नाही. प्रयोगशाळेचं मशीनही तसंच, जो आकडा हद्दीबाहेर तो जाड काळ्या अक्षरात. त्यामुळं आमच्याकडे काळं अक्षर म्हणजे आजार, आणि फिकं अक्षर म्हणजे नाटक.

नवऱ्याचं युरिक ॲसिड आठच्या वर, काळं. त्याच्या अंगात एक सांधा दुखत नव्हता, पण तो तिथल्या तिथं सोफ्यावर आडवा झाला. सासूबाईंचा संधिवाताचा आरए फॅक्टर विसाच्या हद्दीपुढे चार पावलं, काळा. सूज सांगणारा ईएसआरही काळा. माझा आरए फॅक्टर फिका. ईएसआर फिका. सीआरपी फिका. युरिक ॲसिड फिकं. वरून संधिवातासाठीच वेगळी सांगून केलेली अँटी-सीसीपी, तीही निगेटिव्ह. माझं पान इतकं फिकं होतं, की नवऱ्यानं उलटून मागं काही छापलंय का ते पाहिलं.

“काईच नाई तुले,” तो म्हणाला. “क्लीन हाये.”

“मंग हे काय हाये?” मी हात पुढे केले. पेरं अंजिरासारखी फुगली होती.

“ते तू मले काऊन इचारून राह्यली? मशीनले इचार.”

सासूबाईंनी आपलं पान छातीशी धरलं. “सांधेवात मले हाये,” त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात जो अभिमान होता तो त्यांना स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा नव्हता. मी साक्षीला होते.

मोहल्ल्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिन्ही पानं पाहिली. माझे हात दाबून पाहिले, चिकनगुनिया होऊन गेला का विचारलं. मला ताप आलाच नव्हता. ते म्हणाले, “रिपोर्ट तर चांगले आहेत. पण सूज आहे, आणि दोन्हीकडे सारखी आहे. रिपोर्टवर जाऊ नका, सांध्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. लवकर दाखवा.”

डॉक्टर एवढं सगळं बोलले. नवऱ्यानं त्यातलं ‘रिपोर्ट तर चांगले आहेत’ हे उचललं आणि बाकी तिथंच ठेवून आला. मी गाडीवर मागून म्हटलं, “त्यायनं लवकर दाखवा म्हटलं.”

“डॉक्टर लोक मोठ्या दवाखान्यात धाडतेतच. तेयचं आपसात असते.” आणि चढावर गाडी अशी दामटली, की मला त्याच्या खांद्याला धरायला बोटं मिटावी लागली. तेवढ्यात डोळ्यासमोर जे तारे चमकले त्यांच्यात मला बोर धरणसुद्धा दिसलं.

त्यानंतर घरात राज्य दोन पेशंटांचं. नवऱ्यानं तुरीची डाळ सोडली, पालक सोडला, टमाटर सोडला. वर्ध्यात दारूबंदी आहे, म्हणून तो दर पंधरवड्याला नदीच्या पुलापलीकडच्या जिल्ह्यात जाऊन बियर पिऊन यायचा. ती त्यानं सोडली नाही, मटणही सोडलं नाही. बियरमध्ये डाळ नसते, असं त्याचं शास्त्र.

सासूबाईंनी आपलं पान लॅमिनेट करून घेतलं. आल्यागेल्याला चहाआधी पान. गुडघे त्यांचे दुखायचेच, जिना चढताना आणि खालून उठताना, बसलं की बरे. पण त्यांच्या एकाही बोटाला सूज नव्हती. त्या बोटांनी त्या मला कामं दाखवायच्या. “सूनबाई, नारळ फोडून घे. तुयं तर नॉर्मल हाये.” “सूनबाई, गादी उनात टाक. तुयं तर नॉर्मल हाये.” सकाळी गरम पाण्याचा गंज घेऊन बसले की तो उचलून आपल्या पायाखाली सरकवायच्या. “ज्याले बिमारी त्याले पाणी.”

मी रोट्या करत राहिले. ऑर्डर नाकारली तर कारण सांगावं लागे, आणि माझ्याजवळ कारणाचा कागद नव्हता. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, कणीक आपटायची, ओठ चावायचे. एका लग्नात रोटी हातावरच फाटली. कोपरापर्यंत आलेली, मधोमध फाटली आणि माझ्या मनगटावरून कातडी लोंबावी तशी लोंबली. वाढपी म्हणाला, “काकू, वय झालं तुमचं.” मी तेव्हा चाळिशीचीही नव्हते. त्या वाढप्याला मी असा शाप दिला की त्याच्या सात पिढ्यांची पुरी फुगणार नाही.

त्या लग्नानंतर बोलावणी थांबली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू बाहेरच्या बाजूला झुकू लागली, जशी बसमध्ये झोपलेली माणसं शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतात. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “पयलेपासूनच असंन.” इतकी वर्षं संसार केला, बायकोची बोटं सरळ होती की वाकडी हे त्या माणसाला आठवत नव्हतं.

असं दीड वर्ष निघालं. मग त्याच्या बहिणीच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मामा म्हणून दारात उभं राहून नवरदेवाकडच्यांचं स्वागत करायचा मान त्याचा. त्या आनंदात तो दोन दिवस आधी पुलापलीकडे जाऊन आला, मटण आणि बियर, दोन्ही भरपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंजात हात घालून बसले होते, तर आतून अशी किंकाळी आली की समोरच्या घरातला पोपट मराठी विसरला.

नवरा पलंगावर बसलेला, उजवा पाय हवेत. पायाचा अंगठा मुळाशी भरताच्या वांग्यासारखा, लाल-जांभळा आणि तुकतुकीत. मी नुसती चादर ओढली, तर चादरीच्या स्पर्शानं तो ओरडला.

“हे युरिक ॲसिडच हाये,” तो म्हणाला. “मायं आठच्या वर होतं.”

त्यानं प्रयोगशाळेच्या माणसाला घरी बोलावलं आणि फक्त युरिक ॲसिडचं रक्त दिलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. त्याचा चष्मा सापडत नव्हता, कारण मी त्याच्यावर बसले होते. म्हणून मी वाचला. सहा पूर्णांक चार. हद्द सातची. अक्षर फिकं.

देव आहे की नाही यावर माझं काही ठाम मत नव्हतं. त्या क्षणी झालं.

“नॉर्मल हाये,” मी म्हटलं.

“नीट पाय.”

“फिकं अक्षर हाये. आई, तुमीबी पाहा.”

सासूबाईंनी मोबाइल लांब धरून पाहिला. काळं अक्षर शोधत त्या इतक्या खाली गेल्या की प्रयोगशाळेची जाहिरातसुद्धा वाचून काढली.  दीड वर्ष त्या घरात मशीन खोटं बोलत नव्हतं. आता ते खोटं बोलतंय म्हणायचं, तर लॅमिनेट केलेल्या पानाचं काय करायचं?

“मंग दुखून काऊन राह्यलं?” नवरा रडवेला झाला.

“ते मले काऊन इचारता? मशीनले इचारा.”

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी त्याची मोजडी काढून ठेवली. टोकदार, नवी, कडक. तो म्हणाला चप्पल दे. मी म्हटलं, “मामाचा मान हाये तुमचा, पाहुणे काय म्हणतीन? आणि तुमाले झालं काय? क्लीन हाये सगळं.” सासूबाई दारात उभ्या होत्या. मुलाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांच्या हातून पदराचा पीळ सुटत नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या, एवढंच की कागदाबाहेरही दुखतं, तर मी चप्पल दिली असती. बोलल्या नाहीत. मोजडी मीच चढवली, माझ्या त्या वाकड्या बोटांनी. मला किती दुखलं ते सांगत नाही, कारण त्याला किती दुखलं ते पाहण्यात माझं स्वतःकडे लक्षच नव्हतं.

मंगल कार्यालयाच्या दारात तो हात जोडून उभा राहिला. चेहरा असा, की नवरदेवाकडच्यांना वाटलं आपण मयताला आलो. आणि मग नवरदेवाचा काका, सुमारे एका ट्रॅक्टरच्या वजनाचा माणूस, प्रेमानं गळ्यात पडायला पुढे आला आणि नेमका त्या अंगठ्यावर उभा राहिला.

माझा नवरा खाली बसला नाही. कोसळला. बँडवाल्यानं तो इशारा समजून वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात सांध्यांच्या विभागात होतो. तो व्हीलचेअरवर, सासूबाई आपल्या पानासह, आणि मी पिशव्या धरायला. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं अंगठा पाहिला, काय खाल्लं-प्यालं ते विचारलं, सुईनं सांध्यातलं थेंबभर पाणी काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवलं. नवरा सुईच्या वेळी ज्या देवांची नावं घेत होता त्यातले निम्मे आमच्या देवघरात नाहीत.

“गाऊट आहे,” ती परत येऊन म्हणाली. “पाण्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे खडे दिसले.”

“पण मॅडम, परवाच तपासलं. नॉर्मल आलं.”

“ऐन झटक्यात रक्तातला आकडा खाली उतरू शकतो. दोन-तीन आठवड्यांनी, सूज गेल्यावर पुन्हा बघू. आणि ते आधी वाढलं होतं तेव्हा काही दुखत होतं का?”

“नाई.”

“मग तेव्हा तो नुसता आकडा होता. पुष्कळ लोकांचं वाढलेलं असतं, त्यांना कधी झटका येत नाही. डाळ खा खुशाल. बियर आणि मटणाचं बघा.”

सासूबाईंनी आपलं पान पुढे केलं. डॉक्टरनं त्यांची बोटं एकेक करून दाबली, गुडघे हलवून पाहिले. आतून करकर आवाज आला. “आजी, तुमचे गुडघे झिजलेत. हा संधिवात नाही.”

“काळ्या अक्षरात हाये नं!”

“आरए फॅक्टर थोडा वाढलेला वयानंही असतो, इतर कारणांनीही असतो. ईएसआर वय झालं, रक्त कमी असलं, कुठं जंतुसंसर्ग असला तरी वाढतो. धूर दिसतो त्यात, चूल कोणाची पेटली ते नाही दिसत.”

सासूबाईंचा चेहरा असा पडला, जसा एखाद्याचा मान भर सभेत काढून घ्यावा. मी फार सहानुभूतीनं त्यांच्याकडे पाहिलं. तीही मी चांगली करते.

मग मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. “माये सगळे निगेटिव्ह हायेत,” मी म्हटलं.

डॉक्टरनं कागद मागितलाच नाही. तिनं माझ्या बोटांची मुळं एका हातात धरून हळूच आवळली आणि मी खुर्चीतून उठले. सकाळी हात किती वेळ ताठ असतात, विचारलं. दहा वाजेपर्यंत, मी म्हटलं. सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. अंगावर कुठं खवले, चट्टे आहेत का, ताप आला होता का, घरात कोणाला असं आहे का, सगळं विचारलं. सोनोग्राफीचं यंत्र पेरांवर फिरवलं, हातांचा एक्स-रे काढायला सांगितला, आणखी रक्त घेतलं, त्यात यकृताचं आणि काविळीचंही.

सगळं हाती आल्यावर एक्स-रे दिव्यावर लावला. हाडांच्या कडा उंदरानं बिस्किट कुरतडावं तशा. मलाही दिसल्या. नवऱ्यालाही.

“रुमॅटॉइड आर्थ्रायटिस,” डॉक्टर म्हणाली. “संधिवात यांना आहे.”

“पण टेस्ट निगेटिव्ह...” नवरा कुजबुजला.

“काही लोकांत निगेटिव्हच असते. सीआरपीसुद्धा कधीकधी नॉर्मल राहतो. अँटी-सीसीपी चांगली पॉझिटिव्ह आली असती तर मला लवकर खात्री झाली असती, एवढंच. निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असं त्या कागदावर कुठं लिहिलंय? सांधे हातानं बघावे लागतात. कोणी बघितले नाहीत का?”

“पाह्यले,” मी म्हटलं. “दीड वर्षाआधी. लवकर दाखवा म्हटलं होतं डॉक्टरनं. यायले इचारा.”

डॉक्टरनं त्याला काही विचारलं नाही. तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त आवडलं.

“बोटं सरळ होतील?” मी विचारलं.

“सूज उतरेल. पुढचं नुकसान थांबवायचा प्रयत्न करू. जे कुरतडलं गेलं ते परत येत नाही. सुरुवातीला आला असता तर बरं झालं असतं.”

गोळी मिळाली ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. डॉक्टरनं मला वार ठरवून दिला आणि तीनदा बजावलं, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल. मधूनमधून रक्त तपासायचं, पण ते गोळी यकृताला आणि रक्ताला सोसतेय ना हे बघायला. आजार किती उतरला ते कळायला माझ्या रक्ताचा उपयोग नाही, कारण ते बेइमान सुरुवातीपासून नॉर्मलच. डॉक्टर एकेक सांधा दाबते, सुजलेले मोजते, आणि विचारते, “आज दुखणं किती, शून्य ते दहात?”

आता आठवेक महिने झाले. सूज उतरली. सकाळी नळ फिरतो. दोन बोटं वाकडी ती वाकडीच. मूठ पूर्ण मिटत नाही, कणीक हातावर ताणली की त्या दोन बोटांशी अडते आणि फाटते. मी तीनदा करून पाहिली, मग मडकं शेजारणीला देऊन टाकलं. तिची रोटी घोंगडीसारखी होते. मी तिला छान झाली म्हणते.

डॉक्टरला मी खरं सांगते. तिच्याशी खोटं बोलले तर ती गोळी वाढवेल, तेवढी अक्कल मला आहे. मागच्या खेपेला तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, दोन. कधी कधी एक. नवरा बाहेर बाकावर बसला होता.

घरी आल्यावर त्यानं विचारलं. हल्ली रोज विचारतो, अंगठा आठवत असेल त्याला.

“आज कसं हाये व दुखणं?”

“नऊ,” मी म्हटलं आणि डोळे मिटले.

“पण सूज तर उतरलेली दिसते.”

“सूज उतरली. दुखणं तुमाले कुठं दिसते?”

 कोणत्या मशीनला विचारावं ते त्याला सुचेना. मग त्यानं बाह्या दुमडल्या आणि मोरीत जाऊन भांड्यांना हात घातला. सासूबाई आतून ओरडल्या, की माया पोराच्या हाताले पाणी काऊन लावून राह्यली. मी तशीच पडून कण्हत राहिले. कढई जास्त करपली होती, ती घासून होईपर्यंत कण्हले.